दिवाळी नोंदणी: पणत्या आणि दिव्यांच्या माळा

सभासदहो, दोन्ही वस्तूंची मागणी रविवारी रात्री 8 पर्यंत याच ग्रुपवर फ्लॅट नंबर आणि नगांसह लिहा. वाटप वसुबारसेच्या आदल्या दिवशी, सायंकाळी 6 ते 8, क्लबहाऊसमध्ये. फुटकी पणती तिथेच बदलून मिळेल, नंतर नाही.

*पणत्या:* 12 नगांचा संच, साध्या लाल मातीच्या, रंग न दिलेल्या. वाती व तेल आपले. कोरी माती तेल पिते, म्हणून पणत्या आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. बुडबुडे थांबले की त्या भिजल्या. मग दिवसभर सावलीत वाळवा. ओल राहिली तर वात तडतडते आणि तेल उडते. (घरच्या रंगवलेल्या पणत्या मात्र भिजवू नका, रंग निघतो.) वातीचे टोक अर्धा सेंटिमीटरच बाहेर ठेवा, लांब वातीने भिंत काजळते.

*माळ:* 10 मीटर, 100 एलईडी, 5 व्होल्ट यूएसबीवर चालणारी. चार्जर संचात नाही, मोबाईलचा चालेल. 230 व्होल्टच्या प्लगची माळ मुद्दाम घेतलेली नाही. तिची वायर ग्रिलवर घासून सोलली तर लोखंडात करंट उतरतो.

माळ पाणीरोधक नाही, चार्जर घरातच ठेवा. गुंडाळी पूर्ण सोडवूनच लावा. पणती माळेपासून आणि पडद्यापासून हातभर लांब हवी. जिन्यात, लिफ्टसमोर पणत्या ठेवू नयेत.