वाढप्यावर नको, आमच्यावर हसा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतलं विनोदी सदर आमच्याकडे चहासोबत मोठ्याने वाचलं जातं, गेल्या वेळी मळ्यातल्या मिसळीवर होतं म्हणून मीच वाचायला घेतलं आणि मधेच थांबलो. विषय झकास, पण पहिलाच जोक 'गर्दी इतकी की जणू कुंभमेळाच!' आणि दुसरा थेट वाढणाऱ्या पोरावर, तो 'एक्स्ट्रा'ला 'एकष्टा' म्हणतो म्हणून. घरात कोणीच हसलं नाही.

मी बरीच वर्षं एका पेपरच्या पुरवणीत डेस्कवर होतो, असल्या कॉपी हातात यायच्या म्हणून सांगतो. कुंभमेळा नाशकात कशालाही चिकटवतात, साडीचा सेल असो की सिटी बस, त्यामुळे वाचताना त्यातून काही दिसतच नाही. अशा वेळी लेखकाला फोन लावायचा, बाबा रे तुझा टोकन नंबर कितवा होता, थांबून काय केलंत? मग जे निघेल त्यातून असं काहीतरी होतं: 'आमचा नंबर ४७, आत १९ चालू होता, तेवढ्यात पोरगं दोनदा उंटावर बसून आलं आणि आमचं माहेरावरून भांडण सुरू होऊन मिटलंसुद्धा.' 'मिटलंसुद्धा' शेवटीच हवं, पुढे उद्गारचिन्ह नको आणि 'अशी ही गंमत' तर नकोच नको. आणि दोन तपशील पुरे, झोके, ससे, सेल्फी पॉइंट सगळंच कोंबलं की जोक जाऊन मळ्याची जाहिरात होते.

आता ते वाढपी पोरगं. 'एकष्टा' काढायची गरज नाही, फजिती कोणाची होतेय तेवढं फिरवायचं. गाडीचा एसी बंद करून नुकताच उतरलेला आपला लेखक रश्श्याची बादली घेऊन पळणाऱ्या पोराला अडवून विचारतो, 'चुलीवरचीच ना रे?' पोरगा न थांबता म्हणतो, 'हो साहेब, एकष्टा रस्सापण चुलीवरचाच.' उच्चार तोच राहिला पण आता हसू साहेबाचं येतं. (थोडं रचून लिहिलं तर चालतं, सदर आहे, बातमी नाही.)

त्या पोरासमोर वाचता येईल का, एवढंच बघायचं. मी स्वतः चुकलोय, रंगपंचमीच्या रहाडीवरच्या लेखात एका तोतऱ्या माणसाची नक्कल मी जाऊ दिली होती. तो कात्रण घेऊन ऑफिसात आला, काही बोलला नाही, माझ्या टेबलावर ठेवून निघून गेला.

अजून एक, लेख शेवटी तुटल्यासारखा वाटला, बहुतेक ऐनवेळी जाहिरात आली असणार. बातमी खालून कापली तर चालतं, महत्त्वाचं वर येऊन गेलेलं असतं, पण विनोदी लेखात सगळी तयारी शेवटच्या ओळीसाठी असते आणि नेमकी तीच जाते. कापायचाच होता तर मिसळीचा इतिहास सांगणारा दुसरा पॅरा कापायचा होता, आम्ही तो तसाही गाळूनच वाचला.

आपला,
एक जुना वाचक, इंदिरानगर, नाशिक