बाबांची गोळी बंद करू नका, आधी हे वाचा

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर बाबा म्हणाले की हात-पाय गार पडतात, जिना चढला की थकायला होतं, बीपी तर १२० च्या आत आलंय, मग ती सकाळची गोळी आता बंद करतो. मी नुसतं नको नको म्हणत राहिले, का नको ते नीट सांगताच आलं नाही, म्हणून आज लिहितेय. आई, तू चष्मा लावून त्यांना मोठ्याने वाचून दाखव.

आई, तू मागे विचारलं होतंस ना की बीपी दोघांनाही आहे तर गोळ्या वेगळ्या का. तुझी अॅम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करते, बाबांची मेटोप्रोलॉल म्हणजे बीटा ब्लॉकर, ती हृदयाचा वेग आणि जोर कमी करते. नुसतं बीपी असेल तर हल्ली डॉक्टर सहसा बीटा ब्लॉकरने सुरुवात करत नाहीत. पूर्वी अॅटेनोलॉल सर्रास द्यायचे, पण २००२ साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की बीपी जवळपास तेवढंच उतरूनही लोसार्टन घेणाऱ्यांना अॅटेनोलॉलवाल्यांपेक्षा लकवा कमी झाला. पण बाबांना बीपीसोबत अँजायना आहे. एका शिरेत स्टेंट आहे, दुसरी अरुंद आहे ती औषधांवरच ठेवलीये, चढ चढला की छातीत दाबल्यासारखं व्हायचं, आठवतंय ना? हृदय सावकाश चाललं की त्याला ऑक्सिजन कमी लागतो आणि अरुंद शिरेतून येणारं रक्तही पुरतं. हृदय कमजोर असेल किंवा ठोके अनियमित, फार जलद पडत असतील तरीही ही गोळी निवडतात. म्हणजे बाबा, तुमचं बीपी नॉर्मल आलं म्हणून तिचं काम संपलं असं नाहीये, ती छातीसाठीपण आहे.

आता बंद केल्यावर काय होतं ते. अॅड्रेनलिनचा निरोप ऐकायला हृदयावर जणू कान असतात आणि ही गोळी त्या कानांवर हात ठेवते. महिनोन्‌महिने ऐकू कमी आलं की शरीर आणखी कान तयार करतं. मग गोळी एकदम थांबली की हात निघतात, कान मात्र वाढलेले, त्यामुळे तेवढ्याच अॅड्रेनलिनने हृदय जोरात पळायला लागतं. लगेच दुसऱ्या दिवशी होईलच असं नाही, म्हणून तर माणूस फसतो. दोन-चार दिवसांनी होतं, कधी दोन आठवड्यांतही.

मागच्या वर्षी सांगलीच्या लग्नात तेच झालं होतं बाबा. स्ट्रिप घरी राहिली, तुम्ही म्हणालात चार दिवसांनी काय होतंय. तिसऱ्या दिवसापर्यंत छान होतात, मांडवात फिरत होतात. चौथ्या दिवशी सकाळी मी मनगट धरलं तर नाडी ११२, एरवी तुमची ६० असते, बीपी १७८/१०४, कपाळावर घाम, आणि बसल्या जागी छातीत दाब. तो अॅटॅक नव्हता, ईसीजी आणि ट्रोपोनिन दोन्ही ठीक आले, पण असंच होऊन अॅटॅक आलेले पेशंटही असतात. मी रोज हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये औषधं देते, तरी त्या दिवशी माझे हात थरथरत होते.

थकवा खरा आहे, तो सहन करा असं मी म्हणत नाहीये. डॉक्टरांना नाडी दाखवा, ५० च्या खाली जात असेल किंवा चक्कर येत असेल तर लगेच फोन करा, ते डोस कमी करतील किंवा गोळी बदलतील. पूर्ण बंद करायची झाली तरी साधारण एक ते दोन आठवडे घेऊन टप्प्याटप्प्याने, म्हणजे ५० मिलिग्रॅमवरून २५, मग आणखी कमी, आणि तेवढे दिवस धावपळ, जड उचलणं नको. मधेच छातीत दुखलं तर वाट न बघता हॉस्पिटल. पण हे टप्पे डॉक्टरांनी ठरवायचे, तुम्ही नाही.

एखाद्या दिवशी विसरलात तर आठवल्यावर घ्या, दुसऱ्या दिवशीची वेळच जवळ आली असेल तर सोडून द्या, पण दोन एकदम घेऊ नका. गोळी चावू नका, कुटू नका, ती हळूहळू विरघळणारी आहे.

आणि पुढच्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, उपाशी यायला सांगितलं तर ही गोळीपण सोडायची असं मनानेच ठरवू नका, सहसा ती त्या सकाळीही घोटभर पाण्यासोबत घ्यायला सांगतात, आधी विचारून ठेवा.

आई, डब्यात आत्ता किती गोळ्या उरल्यात ते मोजून मला फोटो पाठव, दहापेक्षा कमी असतील तर मी आजच कुरिअर करते. आणि बाबांची सकाळची नाडी आठवडाभर कॅलेंडरवर लिहून ठेव, सोमवारी मी डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलीये, मीपण येतेय.

तुमची,
मनू