दोष सेलच्या पट्ट्यांचा नाही, मशीनचा आहे: वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

कोल्हापूर
दि. १४ जुलै २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : भिंतीवरील घड्याळाची वॉरंटी चुकीच्या कारणाने नाकारल्याबाबत

महोदय,

२०२३ च्या दसऱ्याला मी आपल्या कंपनीचं भिंतीवरचं घड्याळ घेतलं. वॉरंटी दोन वर्षांची आहे, म्हणजे अजून चालू आहे. गेल्या महिन्यापासून ते दिवसाला साधारण बारा मिनिटं मागं पडतंय. आईनं पहिल्यांदा ओळखलं. म्हणाली, "नवाच्या आकड्यापाशी काटा दम खातोय बघ." खरंच, सेकंद काटा तिथं जागच्या जागी थरथरतो आणि मग पुढं जातो.

शाहूपुरीतल्या आपल्या सेवा केंद्रात घड्याळ नेलं. तिथल्या माणसानं मागचं झाकण काढून सेलची जागा पाहिली आणि पावतीवर लिहून दिलं : "सेल गळती, पट्ट्या गंजल्या, वॉरंटी लागू नाही." वर तपासणीचे ऐंशी रुपये घेतले.

उणे बाजूच्या स्प्रिंगवर पांढरा ठिपका होता, हे मी नाकारत नाही. अल्कलाइन सेल थोडा पाझरला असणार. कापसाच्या बोळ्यानं व्हिनेगर लावून तो काढला, कोरडं केलं, बारीक पॉलिश पेपर फिरवला, नवा सेल घातला. तरी बारा मिनिटं ती बाराच. पट्ट्या खराब असतील तर सेल बोटानं फिरवला की घड्याळ बंद-चालू होतं आणि काटा कुठंही थांबतो. इथं सेल कितीही फिरवला तरी फरक पडत नाही, आणि अडखळणं नेहमी नवापाशीच.

आपला माणूस म्हणाला, "नवावर अडलं म्हणजे करंट कमी." हे अर्धंच खरं आहे. नवापाशी काटा आडवा होऊन वर चढत असतो, तिथं त्याला सगळ्यात जास्त जोर लागतो. घड्याळ उलटं टांगलं तर काटा तीनच्या आकड्यापाशी अडतो, कारण आता तीन डाव्या बाजूला येतो. जोर कमी पडतोय एवढंच यावरून कळतं. करंट पोचत नाही म्हणून कमी पडतो की मशीन जड झालंय म्हणून, ते कळत नाही.

मीटर लावून सेल मोजणंही इथं पुरेसं नाही. मशीन सेकंदातून एकदा क्षणभरच करंट ओढतं, त्यामुळं पट्टी खराब असली तरी मीटरवर दीड व्होल्ट दिसू शकतात. म्हणून सेल बाहेर ठेवून दोन वायरी मशीनमध्ये शिरणाऱ्या पट्ट्यांच्या आतल्या, स्वच्छ टोकांना थेट जोडल्या. गंजलेली जागा पूर्ण वगळली. चोवीस तासांनी मोबाइलशी ताडून पाहिलं तर पुन्हा बारा मिनिटं मागं.

मग सेकंद काटा काढून ठेवला आणि बाकीचे दोन काटे तसेच चालू दिले. दिवसभरात अर्ध्या मिनिटाचाही फरक पडला नाही. काटे एकमेकांना किंवा काचेला घासत नाहीत, हे आधीच पाहिलं होतं.

बारा मिनिटांचा हिशोबही जुळतो. अशा मशीनमध्ये एक टिक चुकली की पुढचीही वाया जाते, कारण प्रत्येक झटक्याची दिशा आधीच्या उलट असते. म्हणजे एका चुकीला दोन सेकंद जातात. बारा मिनिटं म्हणजे ७२० सेकंद, म्हणजे दिवसाच्या १,४४० फेऱ्यांत ३६० चुका. चार फेऱ्यांत एकदा. मी पंधरा मिनिटं काट्यासमोर बसून मोजलं, चार वेळा अडखळला. (घरच्यांनी मला वेड्यात काढलं, तो भाग वेगळा.)

शेवटी महाद्वार रोडवरच्या एका घड्याळवाल्याकडून तेवढ्याच उंचीच्या दांड्याचं दुसरं मशीन बसवून घेतलं. डायल तीच, काटे तेच, सेलही तोच. दहा दिवसांत मिनिटाचाही फरक नाही. आपलं मूळ मशीन मी जपून ठेवलंय. त्याचं प्लास्टिकचं कवच कुणीही उघडलेलं नाही. आत चाकं झिजली आहेत की धूळ आणि वाळलेलं तेल साचलंय, ते आपण उघडून पाहावं. पट्ट्यांचा यात दोष नाही, एवढं मात्र निश्चित.

तरी आपण नवं मशीन वॉरंटीत बसवून द्यावं, ऐंशी रुपये परत करावेत आणि पावतीवरचा "सेल गळती" हा शेरा लेखी मागं घ्यावा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर हीच कागदपत्रं आणि ते मशीन घेऊन मी कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपली,
एक ग्राहक, रंकाळा परिसर

सोबत : खरेदीची पावती, वॉरंटी कार्ड व सेवा केंद्राची पावती यांच्या प्रती