पाण्याच्या मोटारीला फेज रिले बसवण्याबाबत पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
सोसायटी व्यवस्थापक समिती,
वडोदरा

विषय : तळटाकीची साडेसात हॉर्सपॉवरची मोटार पुन्हा जळण्याचे कारण आणि फेज रिले बसवण्याची विनंती

सप्रेम नमस्कार,

मागच्या सभेत मोटार जळण्याचा विषय निघाला तेव्हा दोन मते पुढे आली. एक, व्होल्टेज कमी मिळते म्हणून मोटार जळते. दुसरे, मोटार लहान पडते, म्हणून दहा हॉर्सपॉवरची घ्यावी. मकरपुऱ्याच्या कारखान्यांत माझे बरेच आयुष्य मोटारींच्या देखभालीत गेले, म्हणून रिवाइंडिंगवाल्याकडे जाऊन उघडलेली मोटार मी स्वतः पाहिली. दोन्ही मते मला पटलेली नाहीत. माझ्या मते उपाय मोठी मोटार नाही, तर एक फेज गेला की मोटार आपोआप थांबवणारा फेज रिले हा आहे. समितीने मोठ्या मोटारीवर खर्च करण्याआधी माझे म्हणणे ऐकून घ्यावे, ही विनंती.

मोटारीवर जास्त भार पडत असता किंवा व्होल्टेज सतत कमी असते, तर तिन्ही फेजचे वाइंडिंग सारखेच करपले असते. आपल्या मोटारीत तसे नाही. कॉइलचे समोरासमोरचे दोन गट कोळशासारखे काळे आहेत आणि मधले बाकीचे गट जवळपास नवे दिसतात. तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात जोडलेल्या, म्हणजे डेल्टा जोडणीच्या मोटारीत एकाच फेजचे वाइंडिंग असे जळते, ते चालू मोटारीचा एक फेज गेल्यावर. यालाच सिंगल फेजिंग म्हणतात. पंपाच्या पॅनेलमधला मेन स्विच उघडला तर तिसऱ्या फेजचा किटकॅट फ्यूज उडालेला आहे आणि त्याच्या होल्डरचा पितळी पत्रा सैल होऊन काळा पडलेला आहे. म्हणजे या वेळी फेज बाहेरून गेला नव्हता, आपल्याच पॅनेलमध्ये गेला होता.

फेज गेला तर मोटार बंद का पडली नाही, हा प्रश्न सभेत विचारला गेला होता. आपल्या स्टार्टरच्या कॉइलला ४१५ व्होल्ट लागतात आणि ती पहिल्या दोन फेजांवर जोडलेली आहे. तिसरा फेज गेला तरी कॉइलला पुरवठा मिळतच राहतो आणि कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटारीला वीज जोडणारा चुंबकी स्विच, ओढलेलाच राहतो. फिरत असलेली मोटार दोन फेजांवरही फिरत राहते, पंप पाणी चढवत राहतो, आवाज थोडा जड होतो इतकेच. बंद मोटार मात्र दोन फेजांवर सुरूच होत नाही. ती नुसती गुणगुणते आणि सुरू होतानाचा मोठा करंट खात राहते.

करंटचा हिशेब असा. मोटारीच्या पाटीवर ११ अँपिअर लिहिलेले आहेत, आणि आपला पंप चालताना ती साधारण ९ घेते. एक फेज गेल्यावर तेवढेच काम उरलेल्या दोन वायरींतून करायचे असल्याने करंट ढोबळमानाने १.७३ पट होतो, म्हणजे १५.६ अँपिअर. डेल्टाच्या आत विभागणी याहून वाईट होते. दोन जिवंत फेजांच्या मध्ये थेट आलेल्या वाइंडिंगला त्यातला दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे १०.४ अँपिअर झेलावे लागतात. एरवी त्याच वाइंडिंगमधून ५.२ वाहतात. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. काळे पडलेले गट याच वाइंडिंगचे आहेत.

आता करंट जास्त झाला की मोटार बंद करणाऱ्या ओव्हरलोड रिलेविषयी. त्याची चकती कोणीतरी १६ अँपिअरवर नेऊन ठेवलेली आहे. बहुधा पूर्वी तो वारंवार ट्रिप होत असावा आणि पाणी थांबू नये म्हणून ती फिरवली गेली असेल. पण १५.६ अँपिअरला १६ वर लावलेला ओव्हरलोड कधीच सुटणार नाही. तो ११ वर असता तर काही मिनिटांत सुटला असता. रिवाइंड होऊन आलेली मोटार जोडताना ही चकती ११ वर आणावी. याला एक पैसाही खर्च नाही.

पंप पाहणारे काका सांगतात की त्यांनी पॅनेल पाहिले तेव्हा लाल, पिवळे, निळे असे तिन्ही दिवे लागलेले होते. त्यांच्यावर कोणी अविश्वास दाखवू नये, कारण ते खरेच सांगत आहेत. फिरती मोटार गेलेल्या फेजच्या टोकावर स्वतःच व्होल्टेज तयार करते आणि ते उलट पॅनेलकडे येते. आपले दिवे फ्यूजच्या पुढे, मोटारीच्या बाजूला जोडलेले आहेत. त्यामुळे उडालेल्या फ्यूजच्या फेजचा दिवाही मोटारीच्या व्होल्टेजवर लागलेला राहिला. हे व्होल्टेज खऱ्या व्होल्टेजच्या खूप जवळ असू शकते आणि एलईडी दिव्याच्या उजेडात तेवढा फरक डोळ्यांना कळत नाही.

रिले निवडतानाही हीच गोष्ट सर्वात महत्त्वाची आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपले इलेक्ट्रिशियनभाई कोणताही साधा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर आणून लावायला तयार आहेत. असा साधा रिले फक्त प्रत्येक फेजमध्ये पुरेसे व्होल्टेज आहे का आणि त्यांच्यात असमतोल किती आहे, एवढेच बघतो. बंद मोटारीवर तो चोख काम करतो, पण चालू मोटारीचा फेज गेला की दिव्यांसारखाच फसतो. समजा फ्यूज उडाल्यावर मोटारीच्या उलट, म्हणजे रिजनरेटेड, व्होल्टेजमुळे तीन फेजांमध्ये ४१५, ३७० आणि ३६५ व्होल्ट दिसले. सरासरी ३८३ येते, आणि सरासरीपासून सर्वात मोठा फरक ३२ चा, म्हणजे सुमारे ८ टक्के. रिलेवर असमतोल १० टक्क्यांवर ठेवला असेल तर त्याच्या दृष्टीने सगळे ठीक आहे. उलट आपला एरवीचा असमतोल बघा. संध्याकाळी मी मीटरने मोजले तेव्हा ४१५, ४१० आणि ३८५ मिळाले, म्हणजे साडेचार टक्के. ८ आणि साडेचार हे दोन्ही आकडे इतके जवळ आहेत की नुसत्या व्होल्टेजच्या आकड्यावर विसंबता येत नाही. म्हणून फेजांमधला कोन, म्हणजे निगेटिव्ह सीक्वेन्स, पाहून निर्णय घेणारा रिले घ्यावा. ‘रिजनरेटेड व्होल्टेज असतानाही फेज फेल्युअर ओळखतो’ असे त्याच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे. असा रिले बाजारात साधारण दीड ते तीन हजारांत मिळतो.

कमी व्होल्टेजची मर्यादा ३५० च्या आसपास ठेवावी, पण पाच सेकंदांच्या विलंबासह. मोटार सुरू होताना क्षणभर व्होल्टेज बसतेच. विलंब नसेल तर रिले त्याच क्षणी सुटेल आणि मोटार सुरूच होणार नाही. व्होल्टेज पूर्ववत झाल्यावर पुन्हा सुरू होण्यासाठीही एक-दोन मिनिटांचा विलंब हवा. नाहीतर मोटार थांबली की व्होल्टेज वाढते, रिले पुन्हा ओढला जातो, मोटार सुरू होते आणि व्होल्टेज पुन्हा बसते, असा खेळ रात्रभर चालेल.

फेजांचा क्रम उलटण्याचा अनुभव आपण गेल्या पावसाळ्यानंतर घेतलाच आहे. केबल जोडून झाल्यावर लिफ्ट हलेना, पण पंप चालत होता, म्हणून दोष लिफ्टचाच आहे असे सगळ्यांनी धरले. वस्तुस्थिती अशी होती की लिफ्टच्या कंट्रोलरमध्ये क्रम ओळखणारा रिले होता आणि त्याने लिफ्ट थांबवून योग्यच केले. पंपाला रिले नव्हता, म्हणून तो उलटा फिरत राहिला. सेंट्रिफ्युगल पंप उलटा फिरला तरी थोडे पाणी देतो, दाब मात्र पडतो. वरची टाकी भरायला त्या दिवसांत इतका वेळ का लागत होता, याचे उत्तर हेच. नवीन रिलेने कधी उलटा क्रम दाखवला तर वायरी मेन इनकमरवर, म्हणजे सगळ्या इमारतीसाठी एकाच जागी, बदलाव्यात. रिलेच्या टर्मिनलवर दोन वायरी उलटवून त्याचा दिवा हिरवा करण्याची सवय अनेक कारागिरांना असते. तसे केले तर रिले समाधानी होतो, पंप उलटाच फिरतो, आणि पुढे खरा क्रम आला की रिले बरोबर फिरणाऱ्या मोटारीला अडवतो.

जोडणीबाबत दोन गोष्टी कामाच्या आदेशात लिहून घ्याव्यात. रिलेचा संपर्क कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वायरीत सिरीजमध्ये यावा, आणि सगळे फेज ठीक असतील तेव्हाच तो जुळलेला राहावा. म्हणजे रिले स्वतः बिघडला तरी मोटार थांबेल. दुसरे, अशा बऱ्याच रिलेंचे संपर्क २४० व्होल्टसाठीच असतात, आणि आपली कॉइल ४१५ व्होल्टची आहे. कॉइल २४० व्होल्टची बदलून घेणे सोपे पडेल, नाहीतर मध्ये वेगळा सहायक रिले घालावा लागेल.

रिले कॉन्टॅक्टरच्या आधी, पुरवठ्याच्या बाजूला बसेल. त्यामुळे फेज नसताना तो मोटार सुरूच होऊ देणार नाही. मात्र कॉन्टॅक्टरचा एक संपर्क झिजला किंवा मोटारीकडे जाणारी वायर तुटली, तर ते त्याला दिसेलच याची खात्री नाही, कारण त्याच्या जागी तिन्ही फेज पूर्ण असतात. ती बाजू सांभाळायला ११ वर लावलेला ओव्हरलोड हवाच. फेजांमधला फरक ओळखणारा ओव्हरलोड मिळाला तर उत्तम. आणि किटकॅटचा तो काळा पडलेला होल्डर काढून टाकावा. रिले बसवून तो तसाच ठेवला तर मोटार जळणार नाही, पण पाणी वारंवार बंद पडेल.

काम पूर्ण झाल्यावर बिल देण्याआधी एक चाचणी घ्यावी. मोटार बंद असताना फेज काढून दाखवला आणि रिले सुटला, तर त्याने काही सिद्ध होत नाही. साधा रिलेही ती चाचणी पास होतो. मोटार पाणी चढवत असताना एक फेज तोडून बघायला हवा. चालू भारावर फ्यूज ओढणे धोक्याचे आहे, तेव्हा चाचणीपुरता एका फेजमध्ये सिंगल पोल एमसीबी घालावा, रिले त्याच्या पुढून, म्हणजे मोटारीच्या बाजूने जोडलेला असावा, आणि एमसीबी बंद करावा. काही सेकंदांत कॉन्टॅक्टर सुटला पाहिजे. हीच चाचणी तिन्ही फेजांवर घ्यावी. एका फेजवर जरी मोटार चालत राहिली तर तो रिले परत करावा. चाचणीनंतर रिलेचा संपर्क वायरने डायरेक्ट करता येऊ नये म्हणून पॅनेलला कुलूप लावून किल्ली समितीकडे ठेवावी.

हे काम उत्तरायणाच्या आधी व्हावे, असे मला मनापासून वाटते. त्या दिवसांत मांजा तारांवर अडकून बाहेरचे फ्यूज उडतात. उच्च दाबाच्या बाजूचा एक फ्यूज गेला तर आपल्याकडे एक फेज पूर्ण आणि दोन अर्धे येतात. घरात एका फ्लॅटचे दिवे नीट आणि शेजारच्याचे मिणमिणते दिसले की ती खूण समजावी, आणि तेव्हा पंप सुरू करू नये.

येत्या बैठकीत हा विषय घ्यावा. रिलेचे माहितीपत्रक मी आणून देतो, आणि चाचणीच्या वेळी क्लॅम्प मीटर घेऊन पॅनेलपाशी उभा राहीन.

आपला नम्र,
बी विंगमधील एक सभासद