त्या वहीबद्दल आभार

ताई, दादा, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला विचारूनच हे पत्र इतर पालकांनाही वाचायला देते आहे. लेकीचं नाव मुद्दाम घातलेलं नाही.

आधी आभार त्या वहीचे. तीन आठवडे लेक घरी जे इंग्रजी बोलली, ते तुम्ही चुकांसकट, मध्ये न टोकता, जसंच्या तसं उतरवून ठेवलंत. काळाच्या चुका ती वर्षभर करत होती आणि मी तिला दर आठवड्याला रिकाम्या जागा भरायला देत होते. त्यात तिला दहापैकी नऊ मिळायचे, आणि वर्गाबाहेर पडताना ती म्हणायची, ‘टीचर, आय हॅव फिनिश्ड इट यस्टरडे.’ माझा निष्कर्ष ठरलेला होता: लक्ष देत नाही. वही वाचल्यावर तो मागे घ्यावा लागला.

वहीत एकूण 26 चुकीची वाक्यं होती आणि त्यातली 17 एकाच साच्याची निघाली. ‘आय हॅव सीन हर लास्ट वीक.’ ‘वी हॅव गॉन देअर ऑन संडे.’ ही वाक्यं मराठीत म्हणून पाहा: ‘मी तिला गेल्या आठवड्यात पाहिलंय.’ कानाला कुठे खटकतं का? ‘पाहिलंय’, ‘संपवलाय’ या रूपांशेजारी ‘काल’ आला तरी मराठीची हरकत नसते. इंग्रजीची असते. तिथे ‘हॅव’ आलं की गोष्ट आजच्या क्षणाशी जोडलेली हवी, आणि संपून गेलेल्या वेळेचं नाव घेतलं की ‘हॅव’ गळतं: ‘आय सॉ हर लास्ट वीक.’ म्हणजे लेक नियम विसरत नव्हती, मराठीत बरोबर असलेलंच इंग्रजीत बोलत होती. रिकाम्या जागेत वेळेचा शब्द डोळ्यांसमोर छापलेला असतो, म्हणून तिथे जमायचं. बोलताना तो बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतो, आणि तोवर ‘हॅव’ तोंडातून निघून गेलेलं असतं.

म्हणून पुढचे सहा आठवडे रोज पाच मिनिटं एवढंच करू या. पहिले दोन आठवडे वाक्यच नको. तुम्ही वेळेचा शब्द म्हणा आणि तिने फक्त सांगायचं: ती वेळ संपून गेली असेल तर ‘बंद’, अजून चालू असेल तर ‘उघडी’. ‘यस्टरडे’ बंद, ‘टू डेज अगो’ बंद, ‘सो फार’ उघडी, ‘सिन्स मंडे’ उघडी. ‘धिस मॉर्निंग’वर ती अडखळेल आणि तिथे अडखळायलाच हवं, कारण सकाळीच विचारलंत तर ती वेळ अजून उघडी आहे, संध्याकाळी विचारलंत तर बंद झालेली.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जोडवाक्यं. पहिल्या वाक्यात बातमी, दुसऱ्यात तिचा तपशील: ‘आय हॅव लॉस्ट माय पेन. आय लॉस्ट इट ऑन द बस.’ पेन अजून सापडलेलं नाही म्हणून पहिल्यात ‘हॅव’. ते कुठे हरवलं हे सांगताना आपण त्या घडून गेलेल्या प्रसंगात जातो, म्हणून दुसऱ्यात साधा भूतकाळ. रोज अशा तीन जोड्या पुरेत, पण वाक्यं तिची स्वतःची हवीत, माझ्या पुस्तकातली नकोत.

शेवटचे दोन आठवडे तिने दिवसभराचं काहीही एक मिनिट सांगायचं आणि फोनवर रेकॉर्ड करायचं. मग स्वतःच ऐकून हीच एक चूक शोधायची. तुम्हाला त्यात ‘डिड नॉट वेंट’ही ऐकू येईल. मलाही येतं. पण ते सध्या सोडून देऊ. दोन चुकांमागे एकदम लागलो तर ती बोलायचंच बंद करेल, आणि मग वहीत लिहायला काही उरणार नाही.

बोलताना चुकली तर वाक्य पूर्ण होऊ द्या आणि तिचाच वेळेचा शब्द प्रश्नासारखा परत म्हणा: ‘यस्टरडे?’ उत्तर तिचं तिला काढू द्या. मध्येच ती ‘आय हॅव... आय वेंट’ असं अडखळून स्वतःला सुधारू लागली तर ते मात्र वहीत तारखेसह लिहा. चुका कमी होण्याआधी हेच दिसतं.

एक धोकाही सांगून ठेवते. चौथ्या आठवड्याच्या सुमारास ती ‘हॅव’ सगळीकडूनच काढून टाकेल आणि ‘आय न्यू हर सिन्स मंडे’ म्हणेल. तसं झालं तर तीन दिवस पुन्हा बंद-उघडीवर या, ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ जास्त विचारा.

वही दर शुक्रवारी तिच्या दप्तरात पाठवा, मी सोमवारी परत देईन. आणि तिला ओरडायचं बाकी असेल तर नका ओरडू. वर्षभर मीच पुरेशी ओरडले आहे.

तुमची आभारी,
लेकीची इंग्रजीची टीचर