चांदी घ्यावी, पण सोन्याच्या जागी नव्हे

मा. संपादक,
स. न.

भाव चढू लागले की ‘चांदी हेच नवे सोने’ असा सल्ला जो तो देऊ लागतो. या सल्ल्याला माझा आक्षेप आहे. एप्रिल 2011 मध्ये आपल्याकडे चांदी किलोला सुमारे 73 हजारांवर गेली होती आणि सोने तोळ्याला 22 हजारांच्या आसपास होते. 2015 च्या अखेरीस चांदी 33-34 हजारांवर आली, सोने मात्र 25 हजारांच्या घरात टिकून होते. त्या एप्रिलमध्ये चांदी घेणाऱ्याला मुद्दल पाहायला 2020 उजाडले. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे नऊ वर्षे अडकणे साध्या घराला परवडत नाही.

हे का होते? निम्म्याहून अधिक चांदी सौर पॅनल, विजेची उपकरणे असल्या कारखान्यांत जाते. शिवाय बहुतेक चांदी शिसे, जस्त, तांबे काढताना जोडीने निघते. राजस्थानातल्या खाणींतही ती शिसे-जस्ताबरोबरच येते. त्यामुळे मागणी वाढली तरी केवळ चांदीसाठी कोणी जस्ताचे उत्खनन दुप्पट करत नाही आणि भाव भडकतो. तो फार चढला की पॅनलवाले चांदीचा वापर कमी करतात, तांब्याकडे वळतात. फोटोच्या फिल्मला एकेकाळी भरपूर चांदी लागे, डिजिटल कॅमेऱ्याने ती मागणी ओसरली. शिवाय भाव कोसळताना सोन्याला रिझर्व्ह बँकेसारख्या मध्यवर्ती बँकांचा आधार असतो. चांदीला तो नाही.

ऑक्टोबर 2025 मध्ये तर दिवाळीच्या तोंडावर चांदीचा तुटवडा पडला आणि सिल्व्हर ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात मिळणारे चांदीच्या फंडाचे युनिट, आतल्या चांदीच्या किमतीपेक्षा बरेच महाग विकले जाऊ लागले. काही फंडांनी याच ईटीएफमध्ये पैसे लावणाऱ्या आपल्या फंड ऑफ फंडमध्ये एकरकमी गुंतवणूक काही काळ थांबवली, ते योग्यच झाले. समजा युनिटमागे चांदी 150 रुपयांची आहे आणि बाजारात युनिट 165 ला मिळते आहे. एक लाख गुंतवले तर चांदी हाती येते सुमारे 91 हजारांची. पुढे चांदीचा भाव जागचा हलला नाही, तरी तुटवडा संपताच नऊ हजार गेले. हे आधी ओळखता येते. फंडाच्या संकेतस्थळावर बाजाराच्या वेळेत दिसणारा iNAV, म्हणजे युनिटमागच्या चांदीची त्या क्षणाची किंमत, आणि शेअर बाजारातला भाव शेजारी ठेवून पाहावेत. दोन-तीन टक्क्यांहून जास्त फरक असेल तर मी थांबतो.

माझ्या मते सोन्यात दहा रुपये असतील तर चांदीत दोन पुरेत, आणि तेही पाच-सात वर्षे लागणार नसलेले. पैंजण, ताटवाट्या यात धरू नयेत, कारण मोडताना मजुरी जाते आणि घट धरली जाते.

आपण रोज सोन्या-चांदीचे भाव छापता. त्याच चौकटीत प्रमुख सिल्व्हर ईटीएफचा बाजारभाव आणि एनएव्ही छापावी, ही कळकळीची विनंती.

– एक नियमित वाचक, सांगली