स्वागताच्या भाषणातच फोटो काढून दाखवणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार,

धरणगावहून लिहितेय. जळगावच्या वर्कशॉपला तिसऱ्या रांगेत बसलेली, काळा मसाला विकणारी ती मी.

खरं सांगू का, स्वागताचं भाषण म्हटल्यावर मी पिशवीतले शेंगदाणे काढून ठेवले होते, म्हटलं आता अर्धा तास हार-तुरेच चालणार. तर तुम्ही "या सगळ्या" एवढं बोलून सरळ विचारलं, फोटोमुळे कोणाचा माल परत आलाय का? मी हात वर केला. पुण्याच्या एका बाईंनी माझा मसाला परत केला होता, फोटोत तांबूस दिसतो आणि पुडीत काळा निघाला, जळलाय का म्हणे. माय वं, खोबरं नि खडा मसाला चांगला भाजल्यावर तो काळाच होणार ना!

मग तुम्ही माझीच पुडी फोडून वाटीत मसाला ओतलात आणि माईक हातात धरूनच दोन फोटो काढलेत. पहिला हॉलच्या पिवळ्या दिव्याखाली, तो डिट्टो माझ्या फोटोसारखा तांबूस. दुसरा खिडकीपाशी, दिवे बंद करून, उजेड एका बाजूने आणि दुसऱ्या बाजूला पांढरा कार्डशीट उभा. त्यात दाणा न् दाणा दिसला. वर तुम्ही कारणही सांगितलंत, की पिवळ्या दिव्याचा रंग मसाल्यावर चढतो, आणि समोर सगळं काळंच दिसलं की मोबाईलला वाटतं अंधार आहे, तो आपणच उजेड वाढवतो नि काळ्याचा तपकिरी करतो. म्हणून मसाल्यावर बोट दाबून धरायचं, फोकस लॉक झाला की उजेडाची पट्टी थोडी खाली ओढायची. पांढऱ्या बिबड्यांचं उलटं, ते मळकट दिसतात, तिथे पट्टी वर. मी इतकी वर्षं मोबाईललाच शिव्या देत होते.

घरी आल्यावर आधी लेन्स पुसली, तेलाच्या बोटांनी पार धुरकट झालेली. सकाळी नऊला स्वयंपाकघराच्या खिडकीत बसले, ऊन थेट यायला लागलं तर सासऱ्यांचं जुनं पांढरं धोतर पडद्यासारखं बांधलं (सासरे ओरडले, तो वेगळा विषय). कार्डशीट नव्हता म्हणून साड्यांच्या खोक्यातला पांढरा पुठ्ठा लावला. स्टीलच्या वाटीत मात्र माझा गाऊन नि मोबाईल दोन्ही दिसत होते, मग मातीच्या वाटीत काढला. रात्री कोणी फोटो मागितला तर आता सरळ सांगते, सकाळी पाठवते.

त्या पुण्याच्या बाईंनाही नवा फोटो पाठवला, फक्त "अच्छा" असं उत्तर आलंय, ऑर्डर नाही. चालायचंच.

तुम्ही फोडलेली पुडी फोटोपुरतीच वापरली गेली, म्हणून पाव किलो मसाला वेगळा पाठवतेय. पैसे विचारू नका, फक्त फोटोतल्यासारखाच निघाला का तेवढं कळवा.